मृत्यूचे पत्ते : जॉन स्नो, १८५४ चे लंडन आणि नकाशावर चुकणाऱ्या टाचण्या

१/
डॉक्टर जॉन स्नो याचा कॉलऱ्याचा नकाशा इतिहासाच्या बहुतेक अभ्यासकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. लंडनच्या सोहो भागातले अरुंद रस्ते, घरांसमोर रचलेल्या काळ्या आडव्या रेघा आणि मधोमध ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप. एक रेघ म्हणजे एक मृत्यू. परंतु ही प्रत्येक रेघ नकाशावर उमटण्याआधी नोंदवहीतला एक पत्ता होती. पत्त्याचे बिंदूत रूपांतर कसे झाले, कोणते पत्ते अपुरे निघाले आणि त्यांची खूण चुकीच्या जागी पडली असती तर काय घडले असते, याचा हा धागा.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोत कॉलऱ्याचा उद्रेक झाला. स्नोने मृत्युनोंदणी कार्यालयाकडून २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्याची यादी मिळवली. तीन उपविभागांत मिळून ८९ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांपैकी आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू त्याने तपासायला घेतले. ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढण्यात आला. आज सर्वपरिचित असलेला नकाशा त्यानंतरचा. तो १८५५ मध्ये त्याच्या पुस्तकात छापला गेला. म्हणजे दांडा निघाला तो नकाशा पाहून नव्हे. त्याआधीचे काम पत्त्यांच्या यादीवर आणि पायी फिरून झाले होते.

३/
स्नोचा मुख्य प्रश्न अंतराचा होता : मृताच्या घरापासून सर्वांत जवळचा पंप कोणता? हा प्रश्न ‘अमुक क्रमांक, तमुक रस्ता’ या शब्दांना विचारता येत नाही. शब्दांना लांबी-रुंदी नसते. आधी पत्त्याला जमिनीवरची एक जागा द्यावी लागते. मगच त्या जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत मोजता येते. आज संगणकावर हीच पहिली पायरी अक्षांश-रेखांश शोधून पार पाडतात आणि तिला जिओकोडिंग म्हणतात. क्रम मात्र तोच राहतो. आधी जागा, नंतर अंतर.

४/
या क्रमातच धोका आहे. पहिली पायरी चुकली तरी दुसरी पायरी तक्रार करीत नाही. चुकीच्या दोन बिंदूंमधले अंतरही तितक्याच नेमकेपणाने, दशांशांसह मिळते. ५१२.७ मीटर हा आकडा समोर आला की तो खरा वाटू लागतो. तो बिंदू मुळात त्या घरावर होता की केवळ त्या रस्त्याच्या मध्यावर, हे त्या आकड्यात कुठेही दिसत नाही.

५/
१८५४ च्या लंडनमध्ये पत्ता ही गोष्टच किती सैल होती, हे आधी समजून घेऊ. ‘पश्चिम’, ‘पूर्व-मध्य’ अशी टपाल विभागांची व्यवस्था शहरात १८५७-५८ मध्ये आली. तोवर एकाच नावाचे अनेक रस्ते शहरभर विखुरलेले होते. घरक्रमांकांचेही तसेच. अनेक जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने चढत जात आणि दुसऱ्या बाजूने परत येत; सम एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला, ही रीत सर्वत्र रुळलेली नव्हती. रस्त्यांची नावे बदलण्याचे आणि क्रमांक नव्याने लावण्याचे अधिकार एका मध्यवर्ती मंडळाला मिळाले ते १८५५ च्या कायद्याने.

६/
आता स्नोच्या काळातला पत्ता आजच्या शोधयंत्रात टाकला तर काय होईल? ‘Broad Street, London’ एवढेच लिहिले, असे समजू. सोहोतल्या त्या रस्त्याचे नाव १९३६ मध्ये बदलून ब्रॉडविक स्ट्रीट झाले. पण लंडनच्या सिटी भागात ओल्ड ब्रॉड स्ट्रीट आजही आहे आणि तो सोहोपासून पूर्वेला सरळ रेषेत साडेतीन किलोमीटरहून अधिक दूर आहे. नैर्ऋत्येला टेडिंग्टन उपनगरात तर नुसत्या ‘ब्रॉड स्ट्रीट’ नावाचाच रस्ता आहे. तो सोळा किलोमीटरहून अधिक दूर. यंत्र यांपैकी एक निवडील आणि टाचणी रोवून मोकळे होईल.

७/
‘मग चौकाचे नाव देऊ’ असे कोणी म्हणेल. पंप ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट यांच्या कोपऱ्याशी होता. परंतु सोहोतला केंब्रिज स्ट्रीटही आता त्या नावाने उरलेला नाही. तो लेक्सिंग्टन स्ट्रीटमध्ये सामावला. उलट पिमलिको भागात केंब्रिज स्ट्रीट नावाचा रस्ता आजही आहे आणि तो तिथून दक्षिणेला सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. म्हणजे जुन्या पत्त्यातली दोन्ही नावे खरी असूनही ती आजच्या नकाशावर आपल्याला दोन निरनिराळ्या चुकीच्या ठिकाणी नेतात.

८/
म्हणून ऐतिहासिक पत्त्याला अक्षांश-रेखांश देण्याआधी एक काम करावे लागते : त्या काळचे नाव आणि आजचे नाव यांचा तक्ता. त्यात जुने नाव, नवे नाव, नाव बदलल्याचे वर्ष आणि तो भाग असे चार रकाने पुरतात. यंत्राला ‘Broadwick Street, Soho, London’ दिले की बिंदू साधारण 51.513, -0.136 या ठिकाणी येतो. तरीही ही केवळ रस्त्याची जागा झाली, घराची नव्हे. आणि आपला प्रश्न तर घराचा आहे.

९/
घरापर्यंत पोहोचण्याची संगणकाची एक जुनी युक्ती आहे. रस्त्याच्या तुकड्याची दोन टोके आणि तिथले पहिले व शेवटचे घरक्रमांक त्याच्या तक्त्यात असतात. मधले घर तो प्रमाणाने बसवतो. समजा, ३०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या एका बाजूला १ ते ९९ असे विषम क्रमांक, म्हणजे ५० घरे आहेत. क्रमांक २५ हे त्यातले तेरावे घर. यंत्र ते सुरुवातीपासून सुमारे ७५ मीटरवर ठेवील. सगळी घरे सारख्या रुंदीची आहेत, हे त्याने गृहीत धरले.

१०/
पण समजा, त्याच रस्त्याच्या सुरुवातीला एका मद्यनिर्मितीच्या कारखान्याने ६० मीटर जागा अडवली आहे आणि त्याला एकच क्रमांक आहे. उरलेल्या २४० मीटरांत ४९ घरे. आता क्रमांक २५ ची खरी जागा सुरुवातीपासून सुमारे ११६ मीटरवर येते. टाचणी चाळीसेक मीटर अलीकडे पडली. शहराच्या नकाशावर ही चूक डोळ्यांना दिसणारही नाही.

११/
चाळीस मीटरांनी काय बिघडते? समजा, त्या घरापासून एक पंप १५० मीटरवर आणि दुसरा विरुद्ध दिशेला १७० मीटरवर आहे. टाचणी दुसऱ्या पंपाकडे ४० मीटर सरकली, तर तीच अंतरे १९० आणि १३० होतात. जवळचा पंप बदलला. ज्या मृत्यूचा दोष एका पंपाकडे जायचा, तो दुसऱ्याच्या खाती जमा झाला. दोन अंतरांमधला फरक टाचणीच्या संभाव्य चुकीच्या दुपटीपेक्षा मोठा असेल, तेव्हाच ‘जवळचा पंप’ असे ठामपणे म्हणता येते. एरवी त्या घराला ‘अनिश्चित’ म्हणणे हेच प्रामाणिक उत्तर होय.

१२/
स्नोचे शब्द या बाबतीत सावध आहेत. ८३ मृत्यूंपैकी दुसऱ्या एखाद्या पंपाच्या ‘निश्चितपणे’ अधिक जवळ असलेल्या घरांतले मृत्यू केवळ दहा, असे त्याने नोंदवले. सीमेवरची घरे त्याने ओढूनताणून कोणत्याही बाजूला घातली नाहीत. त्या दहांची चौकशी त्याने घरोघर जाऊन केली. पाच कुटुंबे जवळचा पंप सोडून नेहमी ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत असत. त्यांना ते अधिक पसंत होते. आणखी तिघे म्हणजे त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी मुले होती. अंतराने जिथे उत्तर दिले नाही, तिथे माणसांनी दिले.

१३/
पुढे स्थानिक पॅरिशच्या चौकशी समितीच्या अहवालासाठी त्याने नकाशाची दुसरी आवृत्ती केली. पहिल्या नकाशात खुद्द ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची खूण किंचित चुकली होती. ती दुसऱ्यात सुधारली. घराची एक खूण चुकली तर एक अंतर चुकते. पंपाची खूण चुकली तर त्या पंपापासूनची सगळीच अंतरे चुकतात. शिवाय या आवृत्तीत एक तुटक रेषा आली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि भोवतालचे पंप जिथून सारख्याच अंतरावर पडतात, अशा जागा जोडणारी ती रेषा. हे अंतर त्याने पक्ष्याच्या उड्डाणासारखे सरळ मोजले नाही. रस्त्याने चालत जाण्याचे मोजले. बादली घेऊन निघालेला माणूस भिंतीतून जात नाही.

१४/
आता या कथेतला सर्वांत मोलाचा भाग : जे पत्ते मिळालेच नाहीत. आपल्या नकाशात उणिवा आहेत, हे स्नोने पुस्तकात स्वतःच सांगितले आहे. इस्पितळात हलवल्यावर मरण पावलेल्या काहींच्या बाबतीत त्यांना कोणत्या घरातून आणले, तो घरक्रमांकच नोंदला गेला नव्हता. सेंट जेम्स वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, नेल्यावर जे दगावले त्यांचे तर मूळ पत्तेच नोंदीत नव्हते. स्नोने तिथल्या अधीक्षकाच्या कचेरीत जाऊन काहींचे पत्ते मिळवले. बाकीचे दाखल होतानाच इतके अत्यवस्थ होते, की स्वतःबद्दल काही सांगणे त्यांना शक्यच नव्हते.

१५/
इथे थांबून विचार करा. अशा मृताच्या नोंदीत एकच पत्ता असतो : वर्कहाउस, पोलंड स्ट्रीट. तो पत्ता खोटा नाही. आजच्या एखाद्या यंत्राला तो दिला तर ते निःशंकपणे पोलंड स्ट्रीटवर टाचणी रोवील. अशा अनेक नोंदी असल्या तर एकाच इमारतीवर टाचण्यांचा ढीग साचेल आणि पाहणारा म्हणेल, ‘हे वर्कहाउसच रोगाचे केंद्र दिसते!’

१६/
प्रत्यक्षात नेमके उलटे होते आणि स्नोच्या युक्तिवादाचा मोठा आधार त्यावरच उभा होता. वर्कहाउसच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भोवती कॉलऱ्याने मृत्यू झालेली घरे होती. तरीही आतल्या ५३५ रहिवाशांपैकी केवळ पाच जण कॉलऱ्याने दगावले. तिथले इतर मृत्यू रोग जडल्यानंतर बाहेरून आणलेल्या माणसांचे होते. वर्कहाउसला स्वतःच्या आवारात विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी तिथे आणले जात नसे. आसपासच्या रस्त्यांच्या प्रमाणात मृत्यू झाले असते, तर आतील मृतांची संख्या शंभरावर गेली असती, असा त्याचा हिशेब होता.

१७/
म्हणजे ‘कुठे मेला’ हा पत्ता ‘कुठे राहत होता’ या रकान्यात भरला असता, तर निर्दोष इमारत दोषी ठरली असती आणि तिच्या विहिरीचा पुरावा पुसला गेला असता. ज्याचे राहते घर कळत नाही, त्याला हाताशी असलेल्या पत्त्यावर बसवण्यापेक्षा नकाशाबाहेर ठेवणे आणि तसे लिहून ठेवणे अधिक बरे. स्नोने तेच केले.

१८/
याच्या उलट प्रकारही होता. ब्रॉड स्ट्रीटच्या ३७ क्रमांकात एली बंधूंचा बंदुकीच्या टोप्या बनवणारा कारखाना होता. कामगारांना पिण्यासाठी तिथे पंपाचे पाणी पिंपांत भरून ठेवत. त्या कामगारांपैकी अठरा जण आपापल्या घरी दगावले. त्यांच्या मृत्युनोंदीवर घरचा पत्ता अगदी बरोबर असेल, टाचणीही अचूक पडेल; पण पंपापासूनचे अंतर मात्र भलतेच सांगेल. कारण पाणी ते घरी पीत नव्हते, कामावर पीत होते. कोणत्या जागेपासून मोजायचे, हा निर्णय यंत्राचा नसतो, अभ्यासकाचा असतो.

१९/
स्नोच्या एका विधानाशी मात्र वाद घालता येतो. राहिलेल्या मृत्यूंच्या जागा कळल्या असत्या, तर त्याही ज्ञात मृत्यूंच्या प्रमाणातच परिसरात विखुरलेल्या निघाल्या असत्या, असे त्याला वाटत होते. परंतु पत्ते हरवले ते कोणाचे? वर्कहाउसात न्यावे लागलेल्या गरिबांचे, इस्पितळात पोहोचलेल्यांचे, दुसऱ्या भागातून कामाला येणाऱ्यांचे. अशी माणसे सगळ्या रस्त्यांवर सारख्या संख्येने राहत नाहीत. पत्त्याची पोकळी यदृच्छेने पडत नाही. ती बहुधा गरिबीच्या आणि स्थलांतराच्या वाटेने पडते. स्नोचा निष्कर्ष एवढ्याने कोसळत नाही, कारण त्याच्या बाजूने इतर पुरावे भक्कम होते. पण एखाद्या दुबळ्या अभ्यासात हेच गृहीतक निष्कर्ष उलटा करू शकते.

२०/
आणि नेमका पत्ता काय देऊन जातो, हेही पाहा. सोहोतले तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना नोंदी चाळताना ब्रॉड स्ट्रीट, क्रमांक ४० इथल्या पाच महिन्यांच्या बालिकेच्या मृत्यूची नोंद सापडली. कारण होते अतिसार. ते घर पंपाला लागूनच होते. मग त्या घराचे मैलाकुंड आणि विहीर खणून तपासली गेली. दोहोंत तीन फुटांपेक्षाही कमी अंतर निघाले आणि मैला झिरपत असल्याचे दिसले. नोंदीत नुसते ‘ब्रॉड स्ट्रीट’ एवढेच असते, तर कोणत्या घरासमोर खणायचे हे कोणाला कळले असते?

२१/
हाच प्रश्न आपल्याकडच्या पत्त्यांना लावून पाहू. भारतात सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. त्याचे शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कचेरीपर्यंत नेतात, घरापर्यंत नव्हे. पुण्याचा केसरीवाडा म्हणजे ५६८ नारायण पेठ आणि भारत इतिहास संशोधक मंडळ म्हणजे १३२१ सदाशिव पेठ. दोघांचाही पिनकोड ४११०३०. केवळ पिनकोडावरून बिंदू काढला तर दोन्ही संस्था एकाच टाचणीवर येतील आणि त्यांच्यातले अंतर शून्य मीटर निघेल! शिवाय या पत्त्यांत पेठ आहे, क्रमांक आहे, पण रस्ता नाही. रस्त्याच्या प्रमाणात घर बसवण्याची युक्ती इथे चालवायची तरी कशी?

२२/
अशा चुका ओळखायच्या कशा? पहिली तपासणी सोपी आहे : अक्षांश-रेखांशांचा रकाना क्रमाने लावा आणि तीच जोडी किती वेळा येते ते मोजा. वीस निरनिराळे पत्ते हुबेहूब एकाच बिंदूवर असतील, तर ते बहुधा घर नसून पेठेचा, पिनकोडाचा किंवा शहराचा मध्य असतो. दुसरी तपासणी : यंत्राने स्वतःबद्दल काय सांगितले ते वाचा. गूगलच्या सेवेत प्रत्येक उत्तरासोबत `location_type` असतो. `ROOFTOP` म्हणजे नेमकी इमारत, `RANGE_INTERPOLATED` म्हणजे प्रमाणाने बसवलेले घर, `GEOMETRIC_CENTER` म्हणजे रस्त्याचा किंवा भागाचा मध्य, `APPROXIMATE` म्हणजे ढोबळ जागा.

२३/
हा शब्द फेकून देऊ नका; अक्षांश-रेखांशांच्या शेजारी वेगळ्या रकान्यात जपून ठेवा. मूळ पत्ताही नोंदीत होता तसाच, एक अक्षर न बदलता ठेवा आणि सुधारलेला पत्ता दुसऱ्या रकान्यात लिहा. मग अंतर मोजताना ठरवता येते : घराच्या नेमक्या टाचण्यांवर ‘जवळचा पंप’, ‘जवळची शाळा’ असे प्रश्न चालतील, भागाच्या मध्यावर पडलेल्या टाचण्यांवर फार तर ‘कोणत्या पेठेत’ एवढाच प्रश्न चालेल. शेवटी मोजके पत्ते जुन्या नकाशावर हाताने शोधून पाहा. यंत्राची टाचणी आणि तुमचे बोट यांतले अंतर हीच त्या साऱ्या तक्त्याची खरी चूक.

२४/
स्नोच्या नकाशाकडे पुन्हा पाहाल तेव्हा काळ्या रेघांबरोबर तिथे नसलेल्या रेघाही आठवा. कोणाचा घरक्रमांक नोंदला नाही, कोणी बोलूच शकले नाही, कोणी दूरच्या गावी जाऊन मेले. त्यांच्यासाठी स्नोने खोटी जागा तयार केली नाही. ‘या आपत्तीची पूर्ण व्याप्ती बहुधा कधीच कळणार नाही’ अशा आशयाचे वाक्य लिहून ठेवले. त्या नकाशाचा विश्वास वाटतो तो काही अंशी यामुळेच.

(धागा समाप्त. तुमच्या गावात नाव बदललेला रस्ता असेल, तर त्याचे जुने नाव, नवे नाव आणि माहीत असल्यास वर्ष खाली लिहा. असा तक्ता पुढे कोणाच्या तरी कामी येईल.)